मदत हवी आहे: पासपोर्टच्या अर्जावर ‘पोलीस पडताळणी प्रलंबित’ असे दिसते, पण पोलिसांकडून काहीच निरोप नाही

धागाकर्ता: मुक्काम_पुणे

नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त पुणे शहराच्या हद्दीत भाड्याच्या सदनिकेत राहतो. पहिल्यांदाच पासपोर्ट काढत आहे. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिन्ही खिडक्यांचे काम सुरळीत पार पडले, मूळ कागदपत्रे तपासून परत मिळाली आणि बाहेर पडताना पोचपावतीही मिळाली. अर्जात सध्याचा पत्ता पुण्याचा दिला असून त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडला आहे. कायमचा पत्ता गावाचा आहे.

दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर Track Application Status मध्ये फाइल क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पाहिले, तेव्हा अर्ज पोलीस पडताळणीसाठी पाठवल्याचे दिसले. त्यानंतर महिना उलटून गेला तरी तीच स्थिती कायम आहे. घरी कोणी आले नाही आणि फोनही आल्याचे मला आठवत नाही. कार्यालयात दोन मते ऐकायला मिळतात. एकजण म्हणतो की आपण होऊन पोलीस ठाण्यात गेल्यास संशय वाढतो, तर दुसरा म्हणतो की न गेल्यास अर्ज बंद होतो. ‘प्रलंबित’ म्हणजे नेमके कोणाकडे प्रलंबित, आणि मी आता कोणाकडे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक अडचण अशी की भाडेकराराची मुदत दोन महिन्यांत संपत असून घरमालक तो वाढवतील याची खात्री नाही.

केतन_डोंबिवली

काहीही करू नका, असे माझे मत आहे. पोलिसांना अहवालासाठी २१ दिवसांची मुदत असते आणि ती उलटली की पासपोर्ट कार्यालय अहवाल आला असे धरून पुढे जाते. शिवाय २०१८ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून पोलिसांनी घरी येण्याची आवश्यकताच उरलेली नाही. तुमचा पासपोर्ट आपोआप छपाईला जाईल.

नंदा_कुलकर्णी

माझ्या मुलीचा अनुभव वेगळा आहे. तिने तत्काळमध्ये अर्ज केला होता, तेव्हा पासपोर्ट स्पीड पोस्टाने आधी हातात पडला आणि पोलीस नंतर आले. त्यामुळे धागाकर्त्याच्या अर्जात काहीतरी गफलत झाली असावी, असे मला वाटते. पासपोर्ट आधी यायला हवा होता.

रावसाहेब_निवृत्त

मी एका जिल्ह्याच्या विशेष शाखेत पासपोर्टच्या टेबलावर काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नंदाताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते बरोबरच होते, परंतु तो मार्ग निराळा. पडताळणी पासपोर्ट देण्यापूर्वी करायची, दिल्यानंतर करायची, की मुळीच करायची नाही, हे पासपोर्ट कार्यालय अर्ज पाहून ठरवते. तत्काळमध्ये बहुधा ती नंतर होते. पहिल्याच पासपोर्टचा साधा अर्ज असेल तर सामान्यतः आधी पडताळणी आणि मग छपाई असा क्रम असतो, म्हणून यात गफलत काही नाही.

केतनराव, २१ दिवस ही पोलिसांकडून अपेक्षित असलेली मुदत आहे हे खरे, पण ती संपली म्हणून अहवाल अनुकूल धरला जात नाही. आधी पडताळणी करायची असे ठरलेल्या अर्जात अहवाल येईपर्यंत फाइल जागची हलत नाही. २०१८ मध्ये पोलिसांनी तपासायच्या बाबी कमी करण्यात आल्या, नागरिकत्व आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी यांवर भर आला, हेही खरे; तरीही आमच्याकडे ठाण्याचा अंमलदार अर्जदार त्या पत्त्यावर राहतो की नाही हे पाहिल्याशिवाय सही करत नाही. वर उत्तर त्याला द्यावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पासपोर्ट कार्यालयातून अर्ज थेट ठाण्यात जात नाही. शहरात तो आयुक्तालयाच्या विशेष शाखेकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक कार्यालयातील जिल्हा विशेष शाखेकडे येतो. तेथून सध्याच्या पत्त्यावरून हद्द ठरवून तो संबंधित ठाण्याकडे जातो, ठाण्यातील पासपोर्टचे काम पाहणारा अंमलदार चौकशी करतो, अहवाल पुन्हा विशेष शाखेकडे येतो, आणि तेथून पासपोर्ट कार्यालयाकडे जातो. तुम्हाला पडद्यावर या सगळ्या प्रवासात ‘प्रलंबित’ हेच दिसत राहते. अर्ज विशेष शाखेत हद्द ठरण्याची वाट पाहत असेल, ठाण्यात पडला असेल, किंवा चौकशी होऊन अहवाल परतीच्या वाटेवर असेल, तरी तिन्ही वेळी ओळ बदलत नाही. म्हणून रोज संकेतस्थळ पाहण्याने काही कळणार नाही.

तुम्ही आधी विशेष शाखेच्या पासपोर्ट विभागात जा, ठाण्यात नंतर. कारण फाइल क्रमांक सांगितला की ती कोणत्या ठाण्याला कोणत्या तारखेस पाठवली हे तिथेच समजते. पुण्यात तर याची विशेष गरज आहे. २०२४ मध्ये खराडी, वाघोली, बाणेर अशी नवी ठाणी झाल्यापासून अनेक सोसायट्यांची हद्द बदलली आहे आणि अर्ज भरताना लोक सवयीने जुन्या ठाण्याचे नाव निवडतात. आपण होऊन चौकशीला गेल्याने कोणाला संशय येत नाही. रोज माणसे येतात.

श्रुती_परांजपे

मीही हेच लिहिणार होते, पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला परदेशातील नोकरीसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र हवे आहे आणि त्याचीही स्थिती प्रलंबितच दिसते. त्यासाठीही विशेष शाखेतच जायचे का?

रावसाहेब_निवृत्त

श्रुतीताई, तुमचा पासपोर्ट तयार आहे आणि तुम्हाला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट हवे आहे. तो अर्ज वेगळा. तुम्ही तो पासपोर्ट कार्यालयामार्फत केला असेल तर पडताळणीचा रस्ता साधारण असाच आहे. स्वतंत्र धागा काढलात तर सविस्तर लिहीन, इथे दोन्ही गोष्टी मिसळतील.

मुक्काम_पुणे

रावसाहेब, मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे विशेष शाखेत गेलो. तेथील महिला अंमलदारांनी फाइल क्रमांक पाहून अर्ज माझ्या हद्दीच्या ठाण्यातच गेल्याचे सांगितले, म्हणजे हद्दीचा घोळ नव्हता. तसाच ठाण्यात गेलो. पासपोर्टचे काम पाहणाऱ्या हवालदारसाहेबांनी यादीत नाव शोधले आणि आपण येऊन गेल्याचे सांगितले.

घडले ते असे. ते आले तेव्हा मी कार्यालयात होतो. दारावरच्या पाटीवर घरमालकांचे आडनाव आहे, सोसायटीच्या फाटकावरील वहीत त्या सदनिकेसमोर अजून घरमालकांचेच नाव आहे, आणि पहारेकऱ्याने ‘या नावाचे इथे कोणी राहत नाही’ असे सांगून टाकले. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून मला फोनही केला होता. माझा फोन अनोळखी क्रमांक परस्पर गप्प करतो, त्यामुळे तो केवळ न घेतलेल्या फोनांच्या यादीत गेला. त्यांनी अर्जदार मिळून आला नाही अशी नोंद लिहून ठेवली होती, परंतु सुदैवाने अहवाल अजून वर गेला नव्हता. मूळ भाडेकरार, आधार, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या छायाप्रती आणि छायाचित्रे घेऊन, सोबत मला ओळखणारे दोन शेजारी घेऊन येण्यास त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे गेलो, माझा जबाब झाला, शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. कोणी पैसे मागितले नाहीत.

स्थिती मात्र अजूनही तीच आहे. आणि अहवाल तसाच वर गेला असता तर काय झाले असते, हे जाणून घेण्याची इच्छा आहे.

रावसाहेब_निवृत्त

जबाब झाला की फाइल ठाण्यातून विशेष शाखेत आणि तेथून पासपोर्ट कार्यालयात जायची असते, त्यामुळे थोडे दिवस ओळ तीच राहील. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ठाण्यात नव्हे, विशेष शाखेत विचारा की अहवाल आला का. ठाण्याच्या लोकांनी चौकशी पूर्ण केलेली असते आणि कागद टपालाच्या गठ्ठ्यात राहिलेला असतो, असे मी स्वतः पुष्कळदा पाहिले आहे.

‘मिळून आला नाही’ असा अहवाल गेला असता तर स्थितीमध्ये अहवाल प्रतिकूल किंवा अपूर्ण असल्याचे दिसले असते. तेवढ्यावर सगळे संपत नाही. पासपोर्ट कार्यालय खुलासा मागते, आणि अर्जदार पत्त्याचे पुरावे घेऊन तेथील चौकशीच्या वेळेस हजर राहिला तर पडताळणी पुन्हा पाठवता येते. पण तेव्हा सगळा रस्ता पहिल्यापासून चालावा लागतो. म्हणून फाटकावरील वहीत नाव नोंदवून घ्या आणि दारावर तुमच्या नावाची साधी चिठ्ठी लावा. भाडेकरू लोक नेमके हेच विसरतात आणि मग पोलिसांना दोष देतात.

केतन_डोंबिवली

माझी माहिती अपुरी होती, हे मान्य करतो. पण अहवाल मुदतीत आला नाही तर तक्रार तरी कोठे करावी?

नंदा_कुलकर्णी

संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि १८००-२५८-१८०० हा निःशुल्क क्रमांकही आहे. माझ्या भावाने तिथे फोन केला होता. त्यांच्याकडून त्याला पडद्यावरच्याच ओळी वाचून दाखवल्या गेल्या, म्हणून मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही.

रावसाहेब_निवृत्त

नंदाताईंचे निरीक्षण योग्य आहे. फाइल पोलिसांकडे असताना पासपोर्टच्या हेल्पलाइनला यापलीकडे काही सांगता येत नाही. विशेष शाखेत विचारूनही हालचाल होत नसेल तर शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे फाइल क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ‘माझा अर्ज कोणत्या तारखेस कोणाकडे गेला’ एवढाच प्रश्न विचारला तरी त्या टेबलावर जाग येते. मात्र उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

मुक्काम_पुणे

आजची बातमी अशी की विशेष शाखेने अहवाल पुढे पाठवल्याचे सांगितले. परंतु घरमालकांनी करार वाढवणार नसल्याचे कळवले आहे. पासपोर्ट येण्यापूर्वी घर बदलावे लागले तर काय करावे?

रावसाहेब_निवृत्त

अहवाल अनुकूल जाऊन पासपोर्ट छपाईला गेला असेल तर तो स्पीड पोस्टाने जुन्या पत्त्यावर येईल, आणि पोस्टमन तो अर्जदाराच्याच हाती देतो. म्हणून तोवर तरी तिथेच राहता आले तर उत्तम. त्याआधीच जावे लागले तर सेवा केंद्रात स्वीकारलेल्या अर्जातील पत्ता तुम्हाला घरबसल्या बदलता येत नाही. प्रादेशिक कार्यालयात नव्या पत्त्याचा पुरावा घेऊन चौकशी करावी लागेल, आणि ते पडताळणी नव्याने पाठवतील अशी शक्यता धरून चाला. जुनाच पत्ता चालू असल्याचे भासवू नका. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार गुन्हा आहे.

श्रुती_परांजपे

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या मैत्रिणीने घर बदलल्यावर अर्ज तसाच राहू दिला, जुन्या घरमालकांना सांगून टपाल घेतले आणि नंतर पत्ता बदलून पासपोर्ट पुन्हा काढला. तिला काही अडचण आली नाही. रावसाहेब म्हणतात तो मार्ग योग्य असेलही, पण त्यात आणखी एक फेरा वाढतो.

मुक्काम_पुणे

दोन्ही मते वाचली. घरमालकांना आणखी पंधरवड्याची सवलत मागत आहे; ती मिळाली नाही तर प्रादेशिक कार्यालयात वेळ घेऊन जाईन आणि तिथे काय सांगतात ते इथेच लिहीन. तोवर कोणी याच टप्प्यावर पत्ता बदलला असेल आणि त्यांच्याकडे नवीन पडताळणी झाली की नाही हे ठाऊक असेल, तर कृपया कळवावे.