हळदीच्या क्लिप आणि निळसर लुक

> "दादा, सगळा व्हिडिओ निळसर, सिनेमासारखा करा ना. नुसता फिल्टर बदलायचाय, उद्या होईल ना?"

ताई, होईल, पण परवा संध्याकाळी. 40 क्लिपचं कलर झालंय. त्यातल्या कृष्णेच्या घाटावरच्या आणि वरातीच्या 28 क्लिपना फारसा त्रास नाही. उजेड आणि व्हाइट बॅलन्स आधीच जुळवलाय, लुक त्यावर वेगळ्या थरात आहे. तो एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो.

अडतंय ते हळदीच्या 12 क्लिपपाशी. पिवळ्यावर निळा चढला की हिरवट झाक येते, आणि ती हळद लागलेल्या गालांवर आधी दिसते. नवरी आजारी वाटते, ते मला चालणार नाही. म्हणून तिथं चेहरा आणि पिवळा रंग वेगळा निवडून सांभाळायचा, आणि मान वळली की ती निवड, म्हणजे मास्क, सोबत सरकतेय का ते बघायचं. क्लिपमागे 20 मिनिटं धरली तरी चार तास, वर रेंडर पुन्हा.

आज रात्री घाट, हळद आणि वरात अशी एकेक क्लिप नव्या रंगात पाठवतो. मोबाइलची स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड बंद करून बघा, नाहीतर निळा रंग फिका दिसेल. तुमचा होकार आला की बाकीच्यांना हात लावतो. जुनं ग्रेडिंग वेगळं जपून ठेवलंय.