मदत हवी आहे: दुरुस्तीच्या अंतिम बिलात गोण्या, हजेरी आणि उचल यांचा मेळ बसत नाही

उंबरठा
एका खोलीचं जुनं प्लास्टर काढून नवं केलं आणि जुनी लादी उखडून दोन बाय दोनच्या टाइल्स बसवल्या. काम नीट झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. अंतिम बिल मात्र मला पटत नाही. कॉन्ट्रॅक्टर माणूस वाईट नाही, म्हणून भांडण्याआधी आपलं गणित पक्कं असावं असं वाटतं.

खोली 12 बाय 15 फूट, उंची 10 फूट. एक दरवाजा, दोन खिडक्या. बिलात प्लास्टर आणि टाइल बसवण्याची रक्कम चौरस फुटाच्या दराने लावली आहे. त्याखाली वेगळं लिहिलंय: सिमेंट 20 गोण्या, टाइल्स 17 बॉक्स, मिस्त्री 14 हजेरी, बिगारी 22 हजेरी. शेवटी उचल वजा केलेली कुठेच दिसत नाही. विचारलं तर म्हणाला, "ती मागच्या बिलात वळती झाली."

एवढ्या खोलीला 20 गोण्या लागतात का?

चारभिंती
मुळीच लागत नाहीत. एका गोणीत 100 चौ. फूट प्लास्टर होतं. तुमच्या भिंती 540, दारं-खिडक्या वजा जाता 480. म्हणजे पाच गोण्या. लादीला अजून पाच धरा. दहा गोण्या सरळ जास्त लावल्यात. पैसे अडवून ठेवा.

ओळंबा
चारभिंती, तुमचा हिशोब नव्या, सरळ भिंतीचा आहे. अर्ध्या इंचाच्या थराला तो बरोबर येतो. जुनं प्लास्टर काढलं की विटांचे सांधे उघडे पडतात आणि भिंत ओळंब्यात नसते. मग थर कुठे अर्धा इंच, कुठे पाऊण, कोपऱ्यात त्याहून जास्त बसतो. पाऊण इंचाला त्याच 480 फुटांत आठ गोण्या सहज जातात. स्विचबोर्डाचा डबा बसवलाय तिथे किंवा चौकटीच्या कडेला थर मोजता येतो.

उंबरठा, गोण्या मोजण्याआधी एक सांगा. कोटेशनमध्ये प्लास्टरच्या दरापुढे काय लिहिलंय? फक्त मजुरी, की साहित्यासह? टाइल्सचं काय? तोडफोडीचं काय?

उंबरठा
शब्दशः देतो. "प्लास्टर, साहित्य व मजुरीसह, चौ. फुटाने. टाइल बसवणे, फक्त मजुरी, चौ. फुटाने. टाइल्स, सिमेंट, वाळू मालकाची. तोडफोड व मलबा, हजेरीने."

ओळंबा
मग खरी गफलत गोण्यांच्या संख्येत नाही. तुमच्या बिलात दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या आहेत.

प्लास्टरचा दर साहित्यासह आहे. त्याला सहा गोण्या लागल्या की दहा, हा कॉन्ट्रॅक्टरचा प्रश्न. ते सिमेंट वेगळ्या ओळीत येऊच शकत नाही. तुमच्याकडून घेता येईल ते फक्त लादीखालचं. 180 फुटांना दीड इंचाचा माल आणि वरून सिमेंटचं पाणी धरलं तर पाच गोण्या होतात. वायरिंगच्या झिऱ्या भरायचं वेगळं ठरलं असेल तर एखादी आणखी.

हजेरीचंही तेच. प्लास्टर आणि टाइल या दोन्हींची मजुरी फुटाच्या दरात आली आहे. एक मिस्त्री आणि एक बिगारी दिवसाला शंभर-सव्वाशे फूट प्लास्टर करतात, म्हणजे चार-पाच दिवस. टाइल आणि स्कर्टिंगला तीन-चार. झालं तर नऊ दिवस. तुमच्या 14 हजेऱ्यांत हे दिवस पुन्हा धरले आहेत, आणि वर बहुधा भिंतीला पाणी मारायचे दिवसही. त्या आठवड्यात मिस्त्रीचं काही कामच नसतं.

हजेरीने लागतं ते फक्त तोडफोडीचं. 480 फूट प्लास्टर काढणं, लादी उखडणं, मलबा खाली नेणं, याला बिगाऱ्याच्या आठ-दहा हजेऱ्या रास्त आहेत. कितव्या मजल्यावर राहता त्यावर एक-दोन इकडे-तिकडे. हजेरीची वही मागा आणि तारखा बघा. तोडफोड संपल्यानंतरच्या तारखा दिसल्या तर त्या वगळायला सांगा.

निळी_पेन्सिल
आमच्याकडे स्वयंपाकघराचा ओटा करताना कॉन्ट्रॅक्टरने ग्रॅनाइट चार इंच कमी टाकलं आणि बिल पूर्ण लावलं. शेवटी आम्ही दुसरा माणूस आणला. तुम्ही पण दुसऱ्याकडून अंदाज घ्या.

उंबरठा
निळी_पेन्सिल, काम पूर्ण झालंय, मोजमापही बरोबर आहे. नव्या माणसाचा इथे उपयोग होणार नाही.

ओळंबा, हे माझ्या लक्षात आलंच नसतं. टाइल्सचे 15 बॉक्स मी स्वतः दुकानात पैसे देऊन आणले, पावती माझ्याकडे आहे. दोन त्याने मागाहून आणले. तरी बिलात 17.

ओळंबा
मग बिलात जास्तीत जास्त दोनच. तेही लागले का ते बघा. चार टाइल्सचा बॉक्स साडेपंधरा फूट भरतो. जमीन 180, चार इंची स्कर्टिंग 17, कटिंग-तुटफूट आठ टक्के धरली तर 14 बॉक्समध्ये काम होतं. उरलेले तीन कुठे आहेत?

उंबरठा
जिन्याखाली एक बंद आणि एक फोडलेला, त्यात दोन टाइल्स. आता उचलीचं सांगा. पूर्ण काम 100 धरलं तर मी सुरुवातीला 30 दिले. मध्ये 60 च्या कामाचं बिल आलं, त्याने 18 वजा केले, मी 42 दिले. आता तो उरलेले 40 पूर्ण मागतो.

चारभिंती
उचल मधल्या बिलात वळती झाली ना? मग शेवटी पुन्हा कशी वजा होणार?

ओळंबा
झाली, पण 30 पैकी 18 च. 12 अजून त्याच्याकडे आहेत. म्हणून शेवटचे देणे 40 वजा 12, म्हणजे 28. ताळा करून बघा: 30, 42 आणि 28 मिळून 100.

त्याच्याशी बोलताना हे टप्पे उलगडत बसू नका, गोंधळ वाढतो. एका कागदावर वर पहिल्या दिवसापासूनचं सगळं काम लिहा आणि खाली तुम्ही दिलेली प्रत्येक रक्कम तारखेसकट. वरून खालचं वजा केलं की उत्तर आपोआप येतं. दुबार लागलेल्या हजेऱ्या आणि गोण्या आधी काढा, कारण त्यामुळे 100 चा आकडाच खाली येईल आणि शेवटचे देणे 28 पेक्षाही कमी होईल.

गिलावा
मी स्वतः ही कामं घेतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. टाइल्स वेळेवर आल्या होत्या का? मालकाचा माल उशिरा आला आणि माणसं बसून राहिली तर ती हजेरी आम्ही लावतो. लावायलाच लागते, त्यांना रोज द्यावा लागतो.

उंबरठा
दुकानातून दोन दिवस उशीर झाला होता, हे खरं आहे.

ओळंबा
गिलावांचं म्हणणं रास्त आहे. पण ते दोन दिवस माणसं खरंच बसून होती की दुसऱ्या साइटवर गेली होती, हे वहीतच दिसेल. बसून असतील तर द्या.

गिलावा
वही मूळ मागा. बिलासोबत नव्याने लिहिलेली चालवून घेऊ नका. मूळ वहीत माणसांच्या आठवड्याच्या उचलीही असतात, त्या सहसा कोणी मागाहून रचत नाही.

उंबरठा
आज बसलो त्याच्याबरोबर. प्लास्टरचं सिमेंट आणि मिस्त्रीच्या हजेऱ्या त्याने वाद न घालता काढल्या. म्हणाला, बिल भाच्याने बनवलं, त्याने साइटवरचं सगळं जोडलं. 12 चा हिशोबही कागदावर मांडल्यावर मान्य केला. सिमेंट सहा गोण्यांवर ठरलं, झिऱ्यांसकट. बिगाऱ्याच्या 11 हजेऱ्या तो धरून बसलाय, त्यात उशिराचे दोन दिवस आहेत. वही उद्या आणतो म्हणाला.

टाइल्सच्या तीन बॉक्सपैकी दीडचा पत्ता लागतोय, दीडचा नाही. तो म्हणतो कोपऱ्यात आणि दाराशी तुटफूट जास्त झाली. तुटलेले तुकडे मलब्यातच गेले. हे कसं तपासायचं?

ओळंबा
आता तपासता येणार नाही. बसवलेल्या टाइल्स मोजा: अख्ख्या किती, कापलेल्या किती. कापलेल्या खूप असतील तर त्याचं म्हणणं शक्य आहे. त्याने आणलेला बंद बॉक्स दुकान परत घेतं का तेही विचारा.

उंबरठा
मोजतो आणि इथे टाकतो.