मदत हवी आहे: वारस नोंदीच्या अर्जात मायना काय लिहू?

नमस्कार मंडळी, काका वारले, त्यांच्या सातबाऱ्यावर काकूचं नाव लावायला तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचाय, पण जुन्या तलाठ्यांची बदली झालीय आणि नवीन कोण आलंय, बाई की पुरुष, गावात कुणालाच माहीत नाही. मी वर असं लिहिलंय, प्रति, मा. तलाठी, सजा अमुक, ता. अमुक, म्हणजे पदच लिहिलं की नावाचं अडत नाही. मग विषय, आणि त्याखाली महोदय / महोदया असं दोन्ही. हे चालतं ना, की सरकारी अर्जात नुसतं महोदय लिहायचं? शेजारचे आजोबा म्हणतात स.न.वि.वि. घाल, पण ते मला घरगुती पत्रातलं वाटतं, सप्रेम नमस्कार अर्जात कशाला.

खरी अडचण काकूच्या नावाची आहे. सौ. आता लिहिता येत नाही, आणि श्रीमती म्हटलं की तिला वाईट वाटतं, कारण आमच्याकडे ते विधवेलाच लावतात, सरकारी कागदात कुठल्याही बाईला लावत असले तरी. मला तिला दुखवायचं नाहीये. काहीच न लावता आधारवर आहे तसं नुसतं पूर्ण नाव लिहून खाली आपली विश्वासू केलं तर अर्ज घेतात का? कुणी असा दिला असेल तर प्लीज सांगा.