'बँक न फोडणारा फोन' : क्लायंटला लिहिलेल्या मेलचे किस्से (अनुभव धागा)

उलथापालथ
अनुवाद करणाऱ्या मंडळींनो, वाक्प्रचार शब्दशः का चालत नाही हे मराठी न येणाऱ्या क्लायंटला मेलमध्ये कसं पटवता? आपापले किस्से लिहा. सुरुवात मी करतो.

फोनच्या जाहिरातीत ओळ होती, 'वोन्ट ब्रेक द बँक'. मी दिलं, 'खिशाला कात्री न लावणारा फोन'. मॅनेजरबाईंनी ते कुणाकडून तरी शब्दाला शब्द लावून परत इंग्रजीत करून घेतलं आणि विचारलं, कात्री कुठून आली, आमची बँक कुठे गेली? वर त्यांची सूचना : 'बँक न फोडणारा फोन'.

माझ्या उत्तराचा गाभा असा होता :

'आपली ओळ व्याकरणात बसते. पण मराठीत बँक फोडतात ते दरोडेखोर. हा फोन चोरीच्या कामाचा नाही, असा तिचा अर्थ होतो आणि किमतीचा विषय ओळीतून गायब होतो. आपल्या ओळीतली बँक जशी खरी बँक नाही, तशी माझी कात्रीही खरी नाही. खिशाला कात्री म्हणजे खर्चाचा फटका. दोन पर्याय देतो. कात्रीची ओळ बोलण्यातली, चटकदार. "खिशाला परवडणारा फोन" साधी, आखूड, पण सगळेच वापरतात अशी. ओळीसोबत चित्र असल्यास आधी पाठवा, कारण त्याने निर्णय बदलू शकतो.'

चित्र होतंच. फुटलेलं मातीचं डुक्कर आणि विखुरलेली नाणी! मग कात्री बाद. 'गल्ला न फोडता घ्या' अशी ओळ दिली, ती लगेच मंजूर झाली.

कोरा_कागद
इतकं समजावत बसायची वेळच का यावी? प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला मराठी जोड असते, शोधायचा कंटाळा करू नये. कुत्र्या-मांजरांच्या पावसाला आपला मुसळधार आहेच की.

तिसरी_प्रत
काही ठिकाणी जोड सापडते आणि तीच घात करते. मी रुग्णांसाठीच्या प्रश्नावल्या करते. 'गेल्या चार आठवड्यांत किती वेळा डाउनहार्टेड अँड ब्लू वाटलं?' असा प्रश्न असतो. 'निळं वाटलं' कुणी लिहिणार नाही हे उघड आहे. पण 'काळीज तुटलं' लिहिलं तर प्रश्न मुळापेक्षा जड होतो. मग जो माणूस 'बऱ्याचदा' वर खूण करणार होता तो 'क्वचित' वर करतो, आणि दोन भाषांतले गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत. म्हणून तिथे 'उदास आणि खिन्न' असं सपाटच ठेवते, आणि मेलमध्ये कारण म्हणून नेमकं हेच लिहिते : रंगत मुद्दाम काढली आहे, तीव्रता राखली आहे. या कामात दोघे वेगवेगळे अनुवाद करतात, ते जुळवून एक करतात, मग मूळ न पाहिलेला तिसरा माणूस ते उलट इंग्रजीत नेतो, आणि शेवटी काही रुग्णांना वाचायला देऊन काय कळलं ते विचारतात.

उलथापालथ, तुमच्या मॅनेजरबाईंचं काही चुकलं नाही. उलटा अनुवाद शब्दशः केला की चांगल्या मराठीचाही तसाच चोथा होतो. मी आता मेलमध्ये प्रत्येक ओळीखाली दोन उलटे अनुवाद आपणहून देते, एक शब्दांचा आणि एक अर्थाचा. कात्री त्यांना आधी माझ्याकडूनच कळते, त्यामुळे धक्का बसत नाही.

चालता_बोलता
म्हणजे अशा कामाचे पैसे शब्दामागे लावायचे की ओळीमागे? मला एका ओळीच्या घोषवाक्यासाठी पानभर मेल लिहावा लागला आणि पैसे पाच शब्दांचे मिळाले.

तिसरी_प्रत
धाग्याचा विषय तो नाही, पण घोषवाक्याला तासाचा दर सांगा. पर्याय आणि खुलासा त्यातच धरा.

पडद्यामागे
माझं काम सबटायटलचं. एक पात्र 'किक द बकेट' म्हणतं, म्हणजे मेला, आणि लगेच दुसरं खरोखर बादलीला लाथ मारतं. 'राम म्हटला' लिहावं तर लाथ वाया जाते, आणि 'बादलीला लाथ मारली' लिहावं तर मरण कळत नाही. दिग्दर्शकाला लिहिलं, 'विनोद आणि अर्थ यांतलं एकच वाचणार आहे, आपण निवडा.' त्यांनी विनोद निवडला. मी 'लाथ मारून गेला' लिहिलं. ओढूनताणून आहे, पण ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंद असते, तेवढ्यात निभावतं.

कोरा_कागद
ठीक, 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो. पण उलथापालथ, तुमचा गल्लाही संशयास्पद आहे हो. 'दुकानाचा गल्ला फोडला' ही बातमी चोरीचीच असते!

उलथापालथ
चित्र शेजारी आहे तोवर अर्थ साठवणीचाच लागतो. चित्राविना नुसती ओळ एसएमएसने पाठवायचं ठरलं, तर नवा मेल लिहावा लागेल. तसं ठरलंय का ते अजून त्यांनी कळवलेलं नाही.