स्क्रीन रेकॉर्डिंगला '७२० करा' हा सल्ला देऊ नका

शाहूपुरीकर: टॅलीच्या वर्गाचं ४२ मिनिटांचं रेकॉर्डिंग, १०८०, ६० फ्रेम्स, ३.१ जीबी. मुलांच्या मोबाईलवर पाठवायचंय. आकडे दिसले पाहिजेत. काय करू?

राजारामपुरी: ७२० करा, बिटरेट उतरवा, विषय संपला. मी लग्नाचे व्हिडिओ असेच देतोय.

उद्यमनगर: संपला कुठं? लग्नात चेहरे असतात, इथं एक पिक्सेल जाडीची अक्षरं. १०८० चं ७२० करताना दीड पिक्सेलांचा एक होतो. बारीक रेघ शेजारच्या पांढऱ्यात मिसळून राखाडी होते आणि मग कितीही बिटरेट द्या, ती परत येत नाही. मापाला हात लावू नका, फ्रेम्स कापा. व्हाउचर भरताना पडदा बराच वेळ जागचा हलत नाही, १० फ्रेम्स पुरतात. माऊस थोडा उड्या मारेल, तेवढं चालतं. बिटरेट बांधून न देता दर्जा सांगा:

```
ffmpeg -i varg.mkv -vf fps=10 -c:v libx264 -preset slow -crf 24 -pix_fmt yuv420p -c:a aac -ac 1 -b:a 48k varg.mp4
```

crf चा आकडा वाढवला की फाईल लहान, अक्षर मळकट. आधी `-t 120` घालून दोनच मिनिटं काढा आणि मोबाईलवर बघा.

राजारामपुरी: एच २६५ घेतलं तर याहून लहान होईल, हे तरी मान्य करा.

उद्यमनगर: होईल. पण पोरांच्या जुन्या मोबाईलवर नुसता आवाज येईल, चित्र नाही.

गडहिंग्लजच्या बाई: माझी फाईल कॉम्प्युटरवर लख्ख होती, व्हॉट्सॲपवर धुरकट झाली. तीन संध्याकाळी वाया गेल्या माझ्या!

उद्यमनगर: बाई, व्हिडिओ म्हणून पाठवलात ना? ते स्वतः पुन्हा दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आहे तसं पोचतं.

पन्हाळा रोड: मुळात व्हिडिओ कशाला? चार नोंदी कागदावर लिहून द्या. ४० मिनिटं ऐकायची, त्यात १५ मिनिटं 'आवाज येतोय का?'

गडहिंग्लजच्या बाई: तुम्ही शिकवलंय का कधी? कोणतं बटण कधी दाबायचं ते कागदावर कळत नाही. माझ्या मुली एकच जागा पाच वेळा मागं नेऊन बघतात.

पन्हाळा रोड: मी २० वर्षं हिशेब लिहितोय, वहीवर शिकलो.

गडहिंग्लजच्या बाई: मग वहीचा वर्ग घ्या. इथं टॅलीचं चाललंय.

पन्हाळा रोड: बटणांचं मान्य. पण सुरुवातीची १५ मिनिटं कापा, फाईल आपोआप लहान होईल.

राजारामपुरी: हे मात्र खरं. ७२० चं माझं चुकलं असेल, पण लग्नाला ते चालतंच.

शाहूपुरीकर: कापून ६१ एमबी झाली, डॉक्युमेंट म्हणून गेली. काळे आकडे स्वच्छ आहेत. एक्सेलमध्ये निळ्यावर लाल केलेले पसरट दिसतात, crf १८ करूनही.

उद्यमनगर: crf नं ते जाणार नाही. yuv420p मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच राहते. yuv444p नं सुधारेल, पण बऱ्याच मोबाईलवर चालणार नाही. पुढच्या वेळी आकडे काळेच ठेवून रेकॉर्ड करा.

शाहूपुरीकर: लाल ठेवल्याशिवाय मुलांना उणे कळत नाही हो.