मदत हवी आहे: हिंदी रिकाम्या जागा, 'ने' आल्यावर क्रियापद नक्की कोणामागे जातं?

शेवंता

आठवीच्या मुलांना हिंदी शिकवते. कर्त्याला 'ने' लागला की भूतकाळातलं क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, एवढं मुलांना पाठ आहे. 'मोहन ने रोटी खाई', 'सीमा ने आम खाया' ही वाक्यं बिनचूक येतात. पुढच्या वाक्यांवर मात्र गाडी अडते. कंसात दिलेलं क्रियापद आहे आणि त्यापुढे उत्तरसूचीतलं उत्तर:

१. माँ ने बेटी को ____। (बुलाना) – बुलाया
२. माँ ने बेटी को चूड़ियाँ ____। (देना) – दीं
३. शिक्षक ने हमें कविता ____। (समझाना) – समझाई
४. नेहा ने पूरी कविता याद ____। (करना) – की
५. नेहा ने दादी को याद ____। (करना) – किया
६. हमने बस का इंतज़ार ____। (करना) – किया
७. रवि ने तीन चिट्ठियाँ ____ हैं। (लिखना) – लिखी

बेटी आणि दादी स्त्रीलिंगी असून १ आणि ५ पुल्लिंगी कसे? ६ मध्ये बस स्त्रीलिंगी आहे ना? आणि २ मध्ये अनुस्वार आहे, मग ७ मध्ये का नाही? उत्तरसूचीत चुका आहेत की यामागे काही नियम आहे?

गणोबा

सोपं आहे. वाक्यात 'को' दिसला की पुढचं वाचायचंच नाही, थेट पुल्लिंगी एकवचन लिहायचं. म्हणून १ आणि ५ बरोबर. २ मध्ये उत्तरसूची चुकली आहे, तिथे 'दिया' हवं.

टिपकागद

गणोबा, १ आणि ५ बद्दल बरोबर आहात, पण २ मध्ये 'दीं'च. वाक्यात 'को' आहे का, एवढ्यावर ठरत नाही. तो ज्या शब्दाला चिकटलाय तो शब्द बाद होतो, बाकीचे नाही.

मुलांना असं करायला सांगा. आधी 'ने' लागलेला शब्द खोडा. मग 'को' लागलेला शब्द खोडा. आता एखादं मोकळं नाम, म्हणजे मागे काहीही न लागलेलं कर्म, उरतं का बघा. उरलं तर क्रियापद त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे. काहीच उरलं नाही तर क्रियापदाला धरायला कोणी नाही, म्हणून ते पुल्लिंगी एकवचनात जातं.

वाक्य १ मध्ये 'माँ ने' आणि 'बेटी को' खोडल्यावर हाती काहीच नाही, म्हणून 'बुलाया'. बेटीच्या जागी 'बेटियों को' आलं तरी 'बुलाया'च राहील. वाक्य २ मध्ये तेच दोन शब्द खोडल्यावर 'चूड़ियाँ' उरते. स्त्रीलिंगी अनेकवचन, म्हणून 'दीं'. 'को' बघून 'दिया' लिहिणं ही या प्रकारातली सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती नेमकी हुशार मुलं करतात, कारण त्यांना 'को'चा नियम माहीत असतो.

वाक्य ३ मध्ये 'को' दिसत नाही, पण आहे. 'हमें' म्हणजे 'हमको'. मुझे, तुझे, तुम्हें, उसे, उन्हें, किसे, जिसे या सगळ्यांत 'को' दडलेला आहे, त्यामुळे हेही खोडायचे. 'हमें' गेलं की 'कविता' उरते, म्हणून 'समझाई'. त्याच वाक्यात कविता नसती, म्हणजे 'शिक्षक ने हमें ____' एवढंच असतं, तर 'समझाया'.

मधली_सुट्टी

यावरून आठवलं. दिल्लीकडचे लोक 'मैंने जाना है' म्हणतात. इथे 'ने' आहे, पण कर्म नाही आणि भूतकाळही नाही. मग तुमचा नियम कुठे गेला?

टिपकागद

तो पंजाबीच्या प्रभावाने आलेला बोलीतला प्रयोग आहे. प्रमाण हिंदीत 'मुझे जाना है'. शाळेच्या रिकाम्या जागेत तो येणार नाही आणि शेवंताताईंचा प्रश्नही तो नाही.

काजवा

मी स्वतः हिंदीची परीक्षा देतोय, माझं वेगळंच अडतं. 'रीता ने किताब लाई' हे मी वर दिलेल्या पद्धतीने तपासलं. रीता खोडली, किताब उरली, लाई बरोबर. तरी गुण कापले.

अनुस्वार

काजवा, 'लाई' बरोबरच आहे, चूक 'ने'ची आहे. लाना आणि भूलना ही क्रियापदं कर्म घेतात, पण 'ने' घेत नाहीत: 'रीता किताब लाई', 'मोहन छाता भूला'. इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. रीताच्या जागी मोहन आला तर किताब असूनही 'मोहन किताब लाया'. तुमच्या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी होते, म्हणून शेवट बरोबर आला आणि चूक दिसली नाही.

जोडक्रियापदात शेवटच्या क्रियापदाकडे बघायचं. 'उसने सारी मिठाई खा ली' इथे शेवटी लेना आहे, 'ने' येतो. 'वह सारी मिठाई खा गया' इथे शेवटी जाना आहे, 'ने' जातो आणि क्रियापद 'वह'मागे जातं. चुकना आणि सकना यांनाही 'ने' नाही: 'नेहा पाठ पढ़ चुकी'. आणि 'रीता ने किताब ला दी' मात्र चालतं, कारण शेवटी देना आहे. बोलनाबद्दल मतभेद आहेत. 'वह झूठ बोला' आणि 'उसने झूठ बोला' दोन्ही छापलेलं दिसतं, तिथे आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे जावं.

वाक्यात 'ने' आधीच छापलेला असेल तर यातलं काही तपासायची गरज नाही. रिकामी जागा कर्त्याची असेल तेव्हा मात्र आधी क्रियापद पाहा. आणि तिथेच 'लड़का ने' न लिहिता 'लड़के ने', 'वह ने' न लिहिता 'उसने', 'वे'चं 'उन्होंने'.

शेवंता

१ ते ३ सुटलं, आभार. पण ४ आणि ५ मध्ये तेच 'याद करना' आहे. 'याद' हे स्त्रीलिंगी नाम, आणि ते दोन्हीकडे मोकळंच उरतं. मग ५ मध्ये 'की' का नाही?

टिपकागद

कारण या दोन वाक्यांत 'याद' कर्म म्हणून आलेलंच नाही, ते 'करना'चाच भाग झालंय. ओळखायची खूण म्हणजे मधला 'का/की'. नाम आणि करना यांच्या जोडीच्या आधी 'का/की' असेल तर ते नामच कर्म: 'बस का इंतज़ार किया', 'दोस्त की मदद की', 'खिलाड़ी की प्रशंसा की'. बस खोडली जाते, कारण तिला 'का' लागलाय, आणि इंतज़ार उरतो. तो पुल्लिंगी, म्हणून ६ मध्ये 'किया'. इंतज़ारच्या जागी प्रतीक्षा टाका, वाक्य 'बस की प्रतीक्षा की' होईल. बस तीच राहिली, तरी क्रियापद बदललं.

'का/की' नसेल तर त्या नामाकडे दुर्लक्ष करायचं आणि खरं कर्म शोधायचं. ४ मध्ये कविता मोकळी आहे, म्हणून 'याद की'. कवितेच्या जागी पाठ असता तर 'पूरा पाठ याद किया'. ५ मध्ये दादीला 'को' आहे, मोकळं काही नाही, म्हणून 'याद किया'. 'शुरू करना'ही असंच: 'काम शुरू किया', 'पढ़ाई शुरू की'.

गणोबा

एवढं खोडाखोड कशाला? वाक्य मराठीत करा. 'आईने मुलीला बोलावलं', 'आईने मुलीला बांगड्या दिल्या'. उत्तर समोर येतं. २ चं मघाशी राहू द्या.

अनुस्वार

पद्धत चांगली आहे, पण अर्धीच वापरायची. क्रियापद कोणामागे जातंय हे मराठी बहुतेक वेळा बरोबर सांगते. त्या शब्दाचं लिंग मात्र हिंदीचंच घ्यायचं. मराठीतली नपुंसकलिंगी नामं हिंदीत दोन वाटांनी जातात: दूध, घर, गीत, चित्र पुल्लिंगी, तर पुस्तक आणि दुकान स्त्रीलिंगी. त्यामुळे 'मैंने पुस्तक पढ़ी', 'उसने दुकान खोली'. चहा, आवाज, विजय मराठीत पुल्लिंगी, हिंदीत चाय, आवाज़, विजय स्त्रीलिंगी: 'दादाजी ने चाय पी', 'मैंने आवाज़ सुनी'. उलट, आपण 'मजा केली' म्हणतो, हिंदीत 'हमने बहुत मज़ा किया'. 'वाट पाहिली' आणि 'इंतज़ार किया' यांतही तेच.

दुसरा धोका 'मी'चा. मराठीत 'मी आंबा खाल्ला' यात 'ने' दिसत नाही, म्हणून मुलं 'मैं आम खाया' लिहितात. तिथे 'मैंने'. तू, तुम्ही, आम्ही यांचंही तसंच: तूने, आपने, हमने.

लिंग आठवत नसेल तर वाक्यातच खुणा असतात. विशेषण किंवा 'मेरी', 'नई', 'अच्छा' असे शब्द बघा. 'उसने नई ____ खरीदी' असं असेल तर पेपरकाढणाऱ्याने लिंग सांगूनच टाकलंय. पुल्लिंगी व्यंजनान्त नामांचं अनेकवचन मात्र नामावरून कळत नाही, 'फल' एक असो वा दहा. तिथे आधीचा आकडा पाहा: 'एक फल खाया', 'तीन फल खाए'. आकडा किंवा विशेषण काहीच नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर, आणि तो प्रश्नच कच्चा.

शेवंता

आणि ७ चा अनुस्वार?

टिपकागद

स्त्रीलिंगी अनेकवचनाची खूण एकदाच येते, शेवटच्या शब्दावर. क्रियापद एकटं असेल तर त्याच्यावर: 'चिट्ठियाँ लिखीं', 'चूड़ियाँ दीं'. मागे हैं किंवा थीं आलं की खूण त्यावर गेली, मग मुख्य क्रियापद साधं: 'लिखी हैं', 'लिखी थीं'. 'लिखीं हैं' हे छापील मजकुरातही दिसतं, पण गुण जातात. म्हणून मुलांनी रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द आधी वाचावा, मग लिहावं.

काजवा

अजून एक. 'मैंने एक किताब और एक पेन ____। (खरीदना)' दोन कर्मं, दोन लिंगं. मी 'खरीदे' लिहिलं, मित्राने 'खरीदा'.

टिपकागद

निर्जीव वस्तू वेगवेगळ्या लिंगांच्या असतील तर क्रियापद जवळच्या, म्हणजे शेवटच्या नामाप्रमाणे. पेन पुल्लिंगी धरला तर 'खरीदा'. 'एक पेन और दो किताबें' असतं तर 'खरीदीं'.

अनुस्वार

मी 'खरीदे' चूक धरणार नाही. दोन वस्तू आहेत, त्यात एक पुल्लिंगी, म्हणून पुल्लिंगी अनेकवचन लिहिणारेही आहेत. शिवाय पेन काही हिंदी भाषक स्त्रीलिंगी वापरतात, मग 'खरीदी'ही येऊ शकतं.

टिपकागद

मग एका रिकाम्या जागेला तीन उत्तरं झाली. परीक्षेपुरतं मी 'खरीदा'च सांगेन.

शेवंता

हे वाक्य मी सरावातून काढून टाकते, किंवा पेनऐवजी 'एक थैला' घालते. बाकी सगळी वाक्यं उद्या खोडून खोडून करून घेते.