मदत हवी आहे: प्राध्यापकांना आपली वेळ कळवायची कशी, लिंक की ठरावीक वेळा?

केतकी_नाशिक: पीएचडीसाठी जर्मनीतल्या एका प्राध्यापिकांना मेल केली होती. त्यांचं उत्तर आलंय: २७ ऑक्टोबरच्या आठवड्यात बोलू, तुम्हाला कधी जमेल? माझी कॅलेंडलीची लिंक तयार आहे. ती पाठवली तर आगाऊपणा वाटेल का?

निखिल७: लिंकच पाठव. दोन्हीकडच्या घड्याळांचा हिशेब आपोआप होतो. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

वाटसरू: घड्याळाचं निखिल म्हणतो ते खरं. पण ऑफिसात सगळे बरोबरीचे. इथे गरज केतकीची आहे, आणि लिंक पाठवली की पान उघडून दिवस निवडायचं, नाव-ईमेल भरायचं काम बाईंच्या गळ्यात पडतं. त्यांना "मंगळवार चालेल" एवढ्या एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे. बोलणं अर्ध्या तासाचं असलं तरी दीड-दीड तासाच्या तीन वेळा दे, तिकडच्या घड्याळाने:

मंगळवार २८, सकाळी १० ते ११.३० (भारतात दुपारी २.३० ते ४)
बुधवार २९, दुपारी २ ते ३.३० (भारतात संध्याकाळी ६.३० ते ८)
गुरुवार ३०, सकाळी ९ ते १०.३० (भारतात दुपारी १.३० ते ३)

रविवारी २६ तारखेला तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. आत्ता साडेतीन तासांचा फरक आहे, त्या आठवड्यात साडेचार होईल. आजच्या फरकाने हिशेब केलास तर तासाने चुकशील. शुक्रवार ३१ मुद्दाम सोडलाय, जर्मनीच्या बऱ्याच राज्यांत त्या दिवशी सुट्टी असते.

मंजिरी_स: मी समुपदेशन करते, माझे लोक लिंकवरूनच वेळ घेतात. एकाने सत्राच्या पंधरा मिनिटं आधी वेळ घेतली तेव्हापासून किमान २४ तास आधीची अट घातलीय, आणि दोन सत्रांमध्ये मोकळी वेळही. तूही सेटिंग बघून घे.

वाटसरू: मंजिरीताई, तुमच्याकडे लोक येतात, तिथे लिंक शोभते. केतकीला स्वतः जायचंय.

केतकी_नाशिक: उत्तर येईपर्यंत तिन्ही वेळा रिकाम्या ठेवायच्या? गुरुवारी दुपारी माझी शिकवणी असते.

वाटसरू: मग गुरुवार देऊच नकोस, दुसरी वेळ शोध. दिलेली वेळ म्हणजे शब्द दिल्यासारखंच. कॅलेंडरात तिन्ही वेळा "तात्पुरतं" म्हणून अडवून ठेव, एक पक्की झाली की बाकीच्या लगेच मोकळ्या कर.

निखिल७: खाली "यातलं काही जमत नसेल तर" म्हणून लिंक जोडली तर?

वाटसरू: ते चालेल, मीही तसं करतो. फक्त लिंक त्याच कॅलेंडरला जोडलेली असेल तर अडवलेल्या वेळा तिथे दिसणार नाहीत. त्यामुळे लिंक "आणखी वेळांसाठी" आहे असं स्पष्ट लिही, नाहीतर मेलमधला मंगळवार लिंकवर नाही बघून बाई गोंधळतील.

केतकी_नाशिक: बुधवारी सकाळची एक वेळ निघतेय, ती घालते. आज रात्री पाठवते. पण उत्तरच आलं नाही तर वेळा किती दिवस अडवायच्या?

निखिल७: दोन दिवस. मग मोकळ्या कर.

मंजिरी_स: प्राध्यापकांना दोन दिवस? मी तर आदल्या दिवसापर्यंत थांबले असते.